सॉफ्टनर लवकर थकतोय : १०० लिटर रेझीन, १० किलो मीठ आणि पाणी फक्त चार हजार लिटर (लातूर)

वसतिगृह_लातूर (धागा सुरू करणारे)

नमस्कार मंडळी. मुलींच्या वसतिगृहाच्या बोअरला सॉफ्टनर बसवलेला आहे. पाण्याचा हार्डनेस ६००, टीडीएस १३०० च्या आसपास. फायबरची १४ इंची उभी टाकी, आत १०० लिटर रेझीन, वर हाताने फिरवायचा मल्टिपोर्ट व्हॉल्व्ह. पाणी सोलर आणि वॉशिंग मशीनला जातं, प्यायला नाही.

रिजनरेशन असं करतो : १० मिनिटं बॅकवॉश, मग २०० लिटरच्या निळ्या ड्रममध्ये १० किलो जाडं मीठ पूर्ण विरघळवून इजेक्टरने ओढायचं. ड्रम रिकामा व्हायला ४० मिनिटं लागतात. नंतर १५ मिनिटं रिन्स.

बसवणाऱ्याने एका रिजनरेशनला दहा हजार लिटर पाणी मिळेल असं सांगितलं होतं. इथे साडेतीन-चार हजार लिटरलाच किट लाल दाखवायला लागतं. रेझीन दोन वर्षांचं आहे, बसवणारा ‘बदला’ म्हणतोय. खरंच खराब झालं असेल का?

सतीश_जालना

मीठ कमी पडतंय साहेब. १० चं २५ किलो करा, उद्यापासून फरक दिसेल. मीठ जितकं कडक तितकं रेझीन स्वच्छ, एवढं साधं आहे. मिठाचं एक पोतं रेझीन बदलण्यापेक्षा स्वस्तच पडतं.

माधुरी_जोशी_नांदेड

आमच्याकडेही जड पाणी आहे. सॉफ्टनर लावला तर टीडीएस १३०० वरून किती खाली येतो? मग आरओ काढून टाकता येईल का? घरात सासऱ्यांना बीपी आहे म्हणून विचारते.

कुलकर्णी_जलप्रक्रिया

माधुरीताई, टीडीएस खाली येत नाही. कॅल्शियम आणि मॅग्नेशियम जातात, त्यांच्या जागी सोडियम येतो. ६०० हार्डनेस पूर्ण काढला तर प्रत्येक लिटरमध्ये सुमारे २७५ मिलिग्रॅम सोडियम वाढतो. बीपी असलेल्या माणसाने हे पाणी पिऊ नये. आरओ ठेवा. सॉफ्टनर आरओच्या आधी असेल तर मेंब्रेनवर क्षार कमी बसतात, तेवढा फायदा आहे.

आता धाग्याच्या प्रश्नाकडे. रेझीन बदलायची घाई करू नका. आधी १० किलो मिठात किती पाणी मिळायला हवं ते पाहू.

या रेझीनची पूर्ण धारणशक्ती लिटरला साधारण १०० ग्रॅम हार्डनेस असते. कागदावर हाच आकडा असतो, पण व्यवहारात तो कधीच मिळत नाही, कारण पूर्ण रेझीन परत सोडियमवर आणायला बेसुमार मीठ लागेल. लिटर रेझीनला १०० ग्रॅम मीठ दिलं तर साधारण ४६ ग्रॅम हार्डनेस धरण्याची ताकद परत येते. १६० ग्रॅम दिलं तर ५७, आणि २४० दिलं तर ६८-६९. तुम्ही १०० लिटरला १० किलो देता, म्हणजे पहिली ओळ. १०० गुणिले ४६ म्हणजे ४६०० ग्रॅम. तुमच्या पाण्यात लिटरमागे ०.६ ग्रॅम हार्डनेस आहे, म्हणून साडेसात हजार लिटर. टीडीएस जास्त आहे म्हणून थोडं कापा, तरी साडेसहा ते सात हजार यायलाच हवेत. दहा हजाराचं आश्वासन १० किलोत बसत नाही, पण चार हजारही बसत नाहीत. म्हणजे मीठ आत जातंय, पण काम करत नाहीये.

सतीशभाऊ, २५ किलो टाकले तर पाणी वाढेल, पण किती ते बघा. मीठ अडीचपट आणि पाणी दीडपट. उरलेलं सगळं मीठ गटारात. १ ग्रॅम हार्डनेस सोडवायला हिशोबाने १.१७ ग्रॅम मीठ पुरतं. १० किलोच्या मापात २.२ ग्रॅम लागतं, २४ किलोच्या मापात साडेतीन ग्रॅम.

वसतिगृह, एक माप घेऊन सांगा. इजेक्टर चालू असताना ड्रेनच्या पाइपखाली बादली धरा आणि मिनिटाला किती लिटर बाहेर येतं ते मोजा. ड्रमची पातळी मिनिटाला किती उतरते तेही बघा. दोन्ही आकडे द्या.

वसतिगृह_लातूर

मोजलं. ड्रम मिनिटाला ५ लिटर उतरतो. ड्रेनला मिनिटाला १५ लिटर येतंय. हे जास्तीचं पाणी कुठून आलं?

कुलकर्णी_जलप्रक्रिया

इथेच सापडलं. इजेक्टर म्हणजे नुसता ओढणारा पंप नाही. त्याच्या बारीक नोझलमधून बोअरचं पाणी दाबाने जातं, त्या वेगाने मिठाचं पाणी ओढलं जातं आणि दोन्ही एकत्र होऊन रेझीनवर पडतात. तुमच्याकडे ५ लिटर मिठाच्या पाण्यामागे १० लिटर बोअरचं पाणी मिसळतंय. इजेक्टरची रचनाच अशी असते की ड्रममध्ये मिठाने पूर्ण तृप्त पाणी असावं, म्हणजे सुमारे २६ टक्के. ते तिप्पट पातळ होऊन रेझीनवर ९-१० टक्क्यांचं पोचतं.

तुम्ही ड्रममध्येच १० किलो २०० लिटरमध्ये विरघळवता, म्हणजे ते आधीच पाच टक्क्यांच्या खाली. इजेक्टरने तिप्पट पातळ केलं की रेझीनला मिळतं दीड टक्का. आणि वेगही बघा. मिनिटाला १५ लिटर म्हणजे तासाला ९०० लिटर, रेझीनच्या आकारमानाच्या नऊपट. हा वेग तासाला दोनपटीच्या जवळ हवा, फार तर चारपट.

प्रा_रसायन_परभणी

कुलकर्णी सरांनी मोजमापाने दाखवलं, त्यामागचं कारण थोडक्यात लिहितो. अनेकांना वाटतं की १० किलो मीठ १० किलोच असतं, पातळ असो वा घट्ट. इथे तसं नाही.

2 RNa + Ca²⁺ ⇌ R₂Ca + 2 Na⁺

साध्या पाण्यात रेझीनला सोडियमपेक्षा कॅल्शियम जास्त हवा असतो, म्हणूनच सॉफ्टनर चालतो. पण समीकरणात एका कॅल्शियममागे दोन सोडियम आहेत. त्यामुळे बाहेरच्या पाण्यातल्या सोडियमचा परिणाम वर्गाने वाढतो आणि कॅल्शियमचा साधा. द्रावण जसं घट्ट होत जातं तशी कॅल्शियमकडची ओढ कमी होत जाते, आणि १० टक्क्यांच्या मिठात ती जवळजवळ उरत नाही. रेझीन कॅल्शियम सोडून सोडियम घेतं. बोअरच्या पाण्यापेक्षा हे द्रावण साधारण ८०-९० पट घट्ट असतं. दीड टक्क्यावर रेझीन अजून कॅल्शियमला बऱ्यापैकी धरून बसलेलं असतं. सोडियम वाहून जातो, देवाणघेवाण अर्धवट राहते. तुमचं मीठ असं वाया जातंय.

सतीश_जालना

म्हणजे घट्टपणाचा मुद्दा माझाच बरोबर निघाला की! मग इजेक्टर, पातळ करणं हे सगळं कशाला? २६ टक्क्यांचं तृप्त पाणी सरळ टाकीत सोडून द्या.

कुलकर्णी_जलप्रक्रिया

घट्ट हवं हे बरोबर, सतीशभाऊ. पण तृप्त पाणी सरळ सोडण्यात दोन अडचणी आहेत. १० किलो मिठाचं तृप्त पाणी फक्त ३१-३२ लिटर होतं. १०० लिटर रेझीनमधून ते नीट पसरत नाही आणि संपर्काला वेळही उरत नाही. आयनांना रेझीनच्या दाण्याच्या आतपर्यंत जाऊन बाहेर यायचं असतं, त्याला वेळ लागतो. दुसरं, एकदम तृप्त मिठात दाणा आकसतो आणि नंतर गोड्या पाण्यात फुगतो. दर वेळी एवढा मोठा झटका बसला की दाणे तडकतात. तुकडे वर साचले की दाब वाढतो, मग बॅकवॉशमध्ये ते बाहेर जातात आणि वर्षभरात रेझीन कमी झालेलं दिसतं. म्हणून ८ ते १२ टक्के. १० धरून चालावं.

वसतिगृह, तुमच्या इजेक्टरला फक्त तृप्त पाणी दिलं तरी पूर्ण सुटणार नाही. ३२ लिटर पाणी मिनिटाला ५ लिटरने सहा-सात मिनिटांत संपेल. टक्केवारी बरोबर येईल, पण वेग तोच नऊपटीचा राहील. इजेक्टरचा नोझल तुमच्या टाकीला मोठा आहे. आधीचा व्हॉल्व्ह दाबून वेग कमी करायला जाऊ नका, दाब पडला की ओढणंच बंद होतं. लहान नोझल बदलून घ्या, एकूण मिनिटाला पावणेतीन लिटरच्या आसपास बसेल असा.

नोझल मिळेपर्यंत इजेक्टर बाजूला ठेवा. ड्रममध्ये १० किलो मीठ ९० लिटर पाण्यात विरघळवा. साधारण ९३-९४ लिटर द्रावण होईल, दहा टक्क्यांचं. हायड्रोमीटर असेल तर १.०७ दाखवायला हवं. मीठ नीट ढवळा, तळाला गाळ बसू द्या आणि फक्त वरचं स्वच्छ पाणी घ्या. ड्रम गच्चीवर किंवा दोन-तीन मीटर उंचीच्या स्टँडवर ठेवा, अर्ध्या इंची पाइपला बॉल व्हॉल्व्ह लावून टाकीच्या इनलेटच्या टीला जोडा. बोअरचा इनलेट बंद करा, मल्टिपोर्ट रिन्सवर ठेवा, म्हणजे पाणी वरून खाली जाऊन ड्रेनला निघेल. बॉल व्हॉल्व्ह इतकाच उघडा की बादलीत मिनिटाला पावणेतीन लिटर पडेल. ३५ मिनिटांत ड्रम संपला पाहिजे.

मग लगेच जोरात रिन्स करू नका. ड्रम संपतो तेव्हा मिठाचं पाणी अजून रेझीनमध्येच असतं, आणि तिथे त्याचं काम चालू असतं. त्याच संथ वेगाने साधं पाणी सोडा, १५० ते २०० लिटर. तास-सव्वा तास जाईल. तुमचं आत्ताचं १५ मिनिटांचं रिन्स जोरात असल्यामुळे आतलं मीठ काम न करताच बाहेर फेकलं जातंय. संथ रिन्स झाल्यावर मग जोराचं रिन्स, ३०० ते ४०० लिटर. थांबायचं कधी ते चवीवर ठरवू नका. ड्रेनच्या पाण्याचा टीडीएस बोअरच्या जवळ आला आणि किट निळं दाखवू लागलं की थांबा.

वसतिगृह_लातूर

समजलं सर. दोन शंका. ड्रममधलं ९० लिटर पाणी बोअरचंच, म्हणजे जड. त्याने मिठाचं पाणी बिघडत नाही का? आणि बॅकवॉशला जोर किती ठेवायचा?

सतीश_जालना

जड पाण्यात मीठ कधीच विरघळवू नये. सॉफ्टनरचंच पाणी साठवून ठेवा.

कुलकर्णी_जलप्रक्रिया

मऊ पाणी असेल तर चांगलंच, पण हिशोब बघा. ९० लिटरमध्ये ५४ ग्रॅम हार्डनेस आहे, तुम्हाला मिळवायचेत ४६०० ग्रॅम. इथे अडून बसण्यासारखं नाही. मीठ खालून वर ढकलणारा, म्हणजे उलट्या दिशेने रिजनरेशन होणारा सॉफ्टनर असेल तर मात्र मीठ आणि रिन्स दोन्हीचं पाणी मऊच हवं, नाहीतर शेवटचा थर पुन्हा बिघडतो. तुमचा वरून खाली आहे.

यापेक्षा मिठाकडे लक्ष द्या. स्वस्त जाड्या मिठात माती आणि जिप्सम येतं. ते तळाला बसतं आणि इजेक्टरचं नोझल तुंबवतं. ड्रमच्या नळीला तळापासून चार इंच वर जाळी लावा.

बॅकवॉश मिनिटाला २० लिटरच्या आसपास, १० ते १२ मिनिटं. रेझीनचा थर उचलून दीडपट उंच व्हायला हवा, म्हणजे अडकलेली माती निघते आणि पडलेल्या वाटा मोडतात. मे महिन्यात बोअरचं पाणी कोमट असतं, पातळ असतं, म्हणून त्याच वेगाला रेझीन कमी उचलतं. डिसेंबरात तोच वेग जास्त उचलतो. त्यामुळे हिवाळ्यात ड्रेनला एक स्वच्छ पांढरा कपडा धरून बघा. पिवळसर दाणे दिसले तर वेग कमी करा.

हॉटेल_बीड_रोड

आमच्या हॉटेलच्या सॉफ्टनरमध्ये रेझीन काळपट-तांबूस झालंय. मीठ घट्ट करूनही फरक नाही. बोअरचं पाणी उपसताना स्वच्छ दिसतं, बादलीत ठेवलं की तासाभरात पिवळट होतं. हेच उपाय चालतील का?

प्रा_रसायन_परभणी

तुमची तक्रार वेगळी आहे. ते लोह आहे. जमिनीतून निघताना विरघळलेलं असतं म्हणून पाणी स्वच्छ दिसतं, हवा लागली की गंज होतो. रेझीनमध्ये शिरून तिथेच गंजला की मीठ त्याला बाहेर काढू शकत नाही, दाण्यांवर आणि आत थर बसतो. सायट्रिक ॲसिडच्या पातळ द्रावणात काही तास भिजवून, नीट धुऊन मग पुन्हा मिठाचं रिजनरेशन करतात. पण सॉफ्टनरच्या आधी हवा देऊन लोह गाळल्याशिवाय ते परत परत होत राहणार.

वसतिगृह_लातूर

नव्या पद्धतीने दोनदा केलं. ड्रम गच्चीवर, ९० लिटर, ३५ मिनिटं, मग तासभर संथ रिन्स. दुसऱ्या वेळेस मीटरवर ६,८०० लिटर झाल्यावर किट लाल झालं. रेझीन बदलायचा विषय मागे पडला.

पण एक गोष्ट राहिली. रिजनरेशननंतर पहिल्या तासाचं पाणी तपासलं तरी १५-२० हार्डनेस दाखवतंय. शून्य येत नाही. कुठे चुकतंय?

कुलकर्णी_जलप्रक्रिया

चुकत नाही. मीठ वरून खाली जातं तेव्हा सगळ्यात ताजं मीठ वरच्या थराला मिळतं आणि वरचा कॅल्शियम ओढून खाली येताना ते थकलेलं असतं. त्यामुळे तळाचा थर पूर्ण मोकळा होत नाही. नंतर सर्व्हिसला पाणी शेवटी याच थरातून बाहेर पडतं आणि थोडा कॅल्शियम घेऊन येतं. तुमच्या पाण्यात टीडीएस जास्त, म्हणून हे आणखी दिसतं. सोलर आणि वॉशिंग मशीनला १५-२० ने काही बिघडत नाही.

प्रा_रसायन_परभणी

इथे माझं मत थोडं वेगळं आहे. १० ऐवजी १६ किलो दिलं तर ही गळती निम्म्याच्या आसपास येऊ शकते आणि पाणीही नऊ हजारांच्या जवळ जाईल. ६०० हार्डनेसला लिटरमागे १०० ग्रॅम मीठ मला कमी वाटतं.

कुलकर्णी_जलप्रक्रिया

सर, हजार लिटर मऊ पाण्यामागे मिठाचा हिशोब मांडला तर १० किलोत दीड किलो लागतं, १६ किलोत पावणेदोन. लातूरला उन्हाळ्यात खरी अडचण मिठाची नसून पाण्याची असते. एका रिजनरेशनला बॅकवॉश, मीठ, संथ आणि जोराचं रिन्स मिळून ९०० लिटरच्या आसपास जातात. म्हणून १६ किलोने रिजनरेशन कमी वेळा होतील हा तुमचा मुद्दा पाण्याच्या बाजूने खरा ठरू शकतो. वसतिगृहाने दोन्ही करून बघावं. आणि टँकर सुरू झाले की हार्डनेस रोज तपासावा. धरणाचं पाणी आलं तर तो २०० वर येतो आणि रिजनरेशन दर दोन दिवसांनी करण्याची गरजच राहत नाही. ठरलेल्या वारांवर न जाता लिटरवर चाला.

काळी_माती_पाथरी

इतकं सगळं बोललात पण ड्रेनचं पाणी कुठे जातंय? आमच्या भागात एका संस्थेने ते मागच्या बागेतल्या आंब्याच्या आळ्यात सोडलंय. काळ्या मातीत सोडियम बसला की जमीन चोपण होते. पाणी मुरत नाही, वाळली की दगड. मातीतल्या चिकणमातीचा कॅल्शियम सोडियम हुसकावतो, तुमच्या रेझीनमध्ये चालतं तेच. कृपा करून झाडाला देऊ नका.

सतीश_जालना

पण काका, त्या पाण्यात रेझीनमधून सुटलेला कॅल्शियमही असतो ना? चोपण जमिनीला जिप्सम का टाकतो, कॅल्शियमसाठीच. मग ते एकमेकांना भागवतील.

काळी_माती_पाथरी

कॅल्शियम आहे हे मान्य. पण त्याच्यासोबत न वापरलेलं पाच किलोच्या आसपास मीठ दर वेळेला येतं आणि सगळं क्लोराइड. खारटपणाने मुळं आधी मरतात, भागवाभागवीची वाट कोण पाहणार. आणि मऊ झालेलं पाणीही झाडांना द्यायचं नाही, तेही सोडियमचंच. बागेला बोअरचं सरळ पाणी द्या.

वसतिगृह_लातूर

आमचं ड्रेन सध्या बाहेरच्या गटारात जातं, बागेत नाही. संथ रिन्सनंतरचं, म्हणजे जोराच्या रिन्सचं शेवटचं दोनशे लिटर वेगळ्या टाकीत धरून पुढच्या बॅकवॉशला वापरलं तर चालेल का? टीडीएस बोअरच्या जवळच असतो.

कुलकर्णी_जलप्रक्रिया

बॅकवॉशला चालेल, उत्तम. त्यातलं ९० लिटर पुढच्या वेळेस मीठ विरघळवायलाही घ्या. फक्त मिठाच्या द्रावणाचं आणि संथ रिन्सचं पहिलं पाणी त्यात येऊ देऊ नका, सगळा सुटलेला कॅल्शियम त्यातच असतो. दर पाच मिनिटांनी ड्रेनचा नमुना घेऊन एकदा आलेख काढा, म्हणजे कुठून पुढे धरायचं ते तुमच्या टाकीसाठी ठरेल. आलेख इथे टाकलात तर १६ किलोचाही त्यासोबत टाका, प्राध्यापकांचा मुद्दा त्यावरून तपासता येईल.